चार कॅमेरे, दोन सेट-टॉप बॉक्स आणि जाम झालेलं २.४ गिगाहर्ट्झ वायफाय: नाशिकच्या एका फ्लॅटचं प्रकरण

हे घर माझ्या मित्राचं, नाशिकला, दुसऱ्या मजल्यावरचा थ्री बीएचके, घरात काका-काकू, मित्र, वहिनी आणि त्यांची लहान मुलगी. फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन, कंपनीनेच दिलेला, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालणारा ड्युअल बँड राउटर, म्हणजे तो ओएनटी की काय म्हणतात तो डबा, हॉलमधल्या टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवलेला, कारण वायरी दिसायला नकोत. तक्रार वहिनींची होती. त्यांची टीम अमेरिकेतली, त्यामुळे मीटिंगा संध्याकाळी सात ते दहा, त्या मागच्या बेडरूममध्ये बसतात आणि रोज त्याच वेळेत आवाज तुटायचा, "तुमचं नेट वीक आहे" असा मेसेज यायचा आणि हॉलमध्ये मात्र कोणाला काहीच त्रास नाही. मोबाईल घेऊन हॉलमध्ये स्पीड टेस्ट केली की ९०-९५ यायचे, मागच्या खोलीत संध्याकाळी कधी ३ तर कधी दीड.

कस्टमर केअरला फोन केल्यावर जे होतं तेच झालं, माणूस आला, हॉलमध्ये उभं राहून टेस्ट केली, ९४ दाखवले आणि प्लॅन २०० चा करा म्हणून गेला. जाताना एक काम मात्र त्याने केलं, राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करून दिलं आणि सांगितलं की कॅमेरे-बिमेरे यावर टाका म्हणजे मेन नेट मोकळं होईल. मित्राने रविवारी बसून चारही कॅमेरे गेस्टवर टाकले. मीटिंगा तशाच तुटत राहिल्या आणि वर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही बंद पडलं. मग त्याने कॅमेरे परत मेनवर आणले आणि मला बोलावलं.

आधी घरात काय काय आहे ते बघू. चार वायफाय कॅमेरे: हॉल, मेन दार, मुलीची खोली आणि मागची ड्राय बाल्कनी, जिथून खालचं स्कूटरचं पार्किंग दिसतं. चारही फक्त २.४ गिगाहर्ट्झवाले, स्वस्तातले बहुतेक असेच असतात. यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर न पाठवता मित्राने एका जुन्या लॅपटॉपवर लावलेलं, लॅपटॉप मधल्या खोलीतल्या कपाटावर, तोही वायफायवर आणि त्याचं वायफाय कार्ड इतकं जुनं की त्यालाही ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही. दोन अँड्रॉइड सेट-टॉप बॉक्स, एक हॉलमध्ये, एक काकांच्या खोलीत. गिझर आणि मोटरला स्मार्ट प्लग, काही बल्ब, एसीचा रिमोट डब्बा, झाडूवाला रोबोट, प्रिंटर. राउटरच्या पानावर क्लायंटची यादी उघडली तर वीसच्या वर नावं आणि त्यातली दोन-तीन सोडली तर सगळी २.४ वर. सेट-टॉप बॉक्सना ५ चालतं, पण दोन्ही बँडला एकच नाव होतं आणि बॉक्स कधीतरी २.४ ला जाऊन चिकटले ते तिथेच राहिले.

आता पहिला प्रश्न, भानगड इंटरनेटची आहे की घरातल्या वायफायची? हे पाच मिनिटांत कळतं. बाहेरच्या कुठल्या वेबसाइटला नाही, घरातल्या राउटरलाच पिंग करायचं, म्हणजे छोटी हाक पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं, विंडोजमध्ये असं:

```
ping -t 192.168.1.1
```

राउटर घरातच आहे, त्याचं उत्तर २ ते ५ मिलिसेकंदात यायला हवं. वहिनींच्या लॅपटॉपवर संध्याकाळी ते १५० ते ४०० यायचं, मध्येच "Request timed out". म्हणजे फायबरचा काही संबंधच नाही, डेटाचं पाकीट घराच्या बाहेर पडायच्या आधीच अडकतंय. प्लॅन २०० चा काय हजारचा केला असता तरी हेच झालं असतं. (लॅपटॉप २.४ वर आहे की ५ वर ते `netsh wlan show interfaces` मध्ये चॅनेल, म्हणजे बँडमधली कुठली पट्टी, बघितलं की समजतं. १ ते १३ मधला आकडा असला तर २.४. वहिनींचा ४ वर होता, कारण दोन आरसीसी भिंती ओलांडून ५ चा सिग्नल तिथपर्यंत धड पोचतच नव्हता.)

पिंग चालू ठेवून मी मित्राला एकेक वस्तूचा प्लग काढायला सांगितलं. बल्ब, प्लग, एसीचा डब्बा बंद केले, काही फरक नाही. हॉलचा कॅमेरा काढला, किंचित. बाल्कनीचा कॅमेरा काढला आणि पिंग ४०-५० वर आलं. मग रेकॉर्डिंगचा लॅपटॉप बंद केला, पिंग ८. वस्तूंची संख्या मोजून घाबरणाऱ्यांनी इथे लक्ष द्या: वीस वस्तूंमधल्या पंधरा जवळपास निर्दोष होत्या, स्मार्ट प्लग दिवसभरात जेमतेम काही डेटा पाठवतो, मार लागतो तो अखंड व्हिडिओ पाठवणाऱ्यांचा, आणि त्यातही लांब बसलेल्यांचा.

लांब बसलेल्यांचा का ते जरा नीट बघू, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. त्यामुळे कोण किती डेटा पाठवतो यापेक्षा तो पाठवायला किती वेळ खातो ते महत्त्वाचं. तिकीट खिडकीवर पुढचा माणूस एकच तिकीट घेतोय पण सुट्टे पैसे मोजत बसलाय, तर मागची अख्खी रांग थांबते ना, तसं. बाल्कनीचा कॅमेरा पाठवत होता फक्त २ एमबीपीएस. पण त्याच्या आणि बंद कप्प्यातल्या राउटरच्या मध्ये स्वयंपाकघर, फ्रिज आणि दोन भिंती, सिग्नल -७८ च्या आसपास म्हणजे कमजोर, आणि राउटरच्या यादीत त्याचा लिंक रेट, म्हणजे राउटरशी बोलायचा वेग, दिसत होता ६.५ एमबीपीएस. हा ६.५ कागदावरचा, त्यातून पोचपावत्या, थांबणं, परत पाठवणं वजा जाता हातात उरतात साधारण साडेचार. म्हणजे २ एमबीपीएस पाठवायला तो हवेतला जवळजवळ ४५ टक्के वेळ खात होता. हॉलचा कॅमेरा तेवढाच डेटा ६५ च्या लिंकवर पाठवतो, त्याला ५-६ टक्के लागतात. डेटा तोच, खर्च आठपट.

मग बाकीचा हिशोब. जवळचे तीन कॅमेरे मिळून १५ ते १८ टक्के. आणि आता तो रेकॉर्डिंगचा लॅपटॉप, जो कोणाच्या डोक्यातच नव्हता. कॅमेरा लॅपटॉपशी थेट बोलत नाही, कॅमेऱ्यापासून राउटरपर्यंत पाकीट एकदा हवेतून जातं आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत तेच पाकीट परत हवेतून जातं, त्याच चॅनेलवर. चार कॅमेऱ्यांचे ८ एमबीपीएस दुसऱ्यांदा हवेत आणि लॅपटॉपचा लिंक ३९ चा, म्हणजे अजून ३० टक्के. बेरीज करा, नव्वदीच्या पार गेलो आणि अजून टीव्ही लावलेलाच नाही. संध्याकाळी काकांचा बॉक्स आणि हॉलचा बॉक्स दोन्ही चालू झाले की शंभरच्या वर मागणी, मग कोणाची तरी पाकिटं पडणारच. व्हिडिओवाले पुढचं आधीच भरून ठेवतात म्हणून टीव्हीवर काही दिसत नाही, मीटिंगमध्ये भरून ठेवायला काही नसतं, म्हणून रडायची वेळ वहिनींवर. हे टक्के मी ढोबळ काढलेत, एकदोन इकडेतिकडे होतील, पण कुठला भाग मोठा आहे ते त्यावरून चुकत नाही.

आता त्या गेस्ट नेटवर्कने काही का झालं नाही ते यावरून उघडच आहे. गेस्ट म्हणजे नवीन नाव आणि नवीन पासवर्ड, पण रेडिओ तोच, चॅनेल तेच, हवा तीच. उलट थोडं नुकसानच, कारण प्रत्येक नावासाठी राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" असं ओरडतो आणि जुन्या काळच्या वायफायचा बी मोड चालू असला तर ते ओरडणं सगळ्यात हळू म्हणजे १ एमबीपीएसने होतं, एकेका नावामागे दोन-अडीच टक्के वेळ त्यातच जातो. आणि रेकॉर्डिंग बंद पडलं कारण गेस्टवरच्या वस्तूंना एकमेकांशी आणि मेन नेटवर्कशी बोलू देत नाहीत, त्यासाठीच गेस्ट असतं. लॅपटॉप मेनवर, कॅमेरे गेस्टवर, मध्ये भिंत. राउटरने त्याचं काम चोख केलं होतं.

म्हणून आम्ही कामाचे दोन तुकडे केले. आधी हवा मोकळी करायची, मग वेगळं नेटवर्क. लोक ही दोन्ही कामं एकच समजतात आणि मग गेस्टचं बटण दाबून वाट बघत बसतात.

हवेचं काम त्याच संध्याकाळी झालं आणि त्यात खर्च फक्त एका केबलचा. रेकॉर्डिंगचा लॅपटॉप कपाटावरून उचलून टीव्ही युनिटमध्ये आणला आणि राउटरच्या मागच्या लॅन पोर्टला केबलने जोडला, तीस टक्के गेले. राउटर बंद कप्प्यातून काढून युनिटच्या वर ठेवला (काकूंना हे आवडलं नाही, अजूनही आवडलेलं नाही), बाल्कनीच्या कॅमेऱ्याचा सिग्नल -७८ चा -७१ झाला आणि लिंक १९.५ वर गेला. त्याच कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये फ्रेम २५ च्या १५ केल्या आणि बिटरेट १ एमबीपीएस, पार्किंगमध्ये स्कूटर कोण हलवतंय ते बघायला तेवढं पुरतं, फक्त रात्री पाऊस असला की चित्र जरा चौकोनी-चौकोनी होतं. पंचेचाळीस टक्क्यांचा कॅमेरा आठ-नऊ टक्क्यांवर आला. हॉलचा बॉक्स तात्पुरता केबलवर घेतला.

चॅनेलचंही बघितलं. राउटर ऑटोवर होता आणि ४ वर बसलेला, रुंदी ४० मेगाहर्ट्झ. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ४ वर बसलं की १ वालेही त्रास देतात आणि ६ वालेही, आणि वर ४० ची रुंदी घेतली की अर्ध्याहून जास्त बँड अडवून बसतो आणि तरी फायदा काही नाही कारण अपार्टमेंटमध्ये तेवढी मोकळी जागा मिळतच नाही. २० करून चॅनेल १ वर पक्कं केलं, बी मोड बंद केला. बी बंद केल्यावर सगळे प्लग-बल्ब परत आले, पण फार जुनी एखादी वस्तू असली तर ती येणार नाही, म्हणून बंद करून यादी परत एकदा तपासायची.

पिंग रात्री नऊला, दोन्ही टीव्ही चालू असताना, ६ ते १५. इथे थांबलो असतो तरी वहिनींचं काम झालं होतं.

पण मित्राला दुसरंही हवं होतं, हे सगळे कुठल्या कुठल्या कंपन्यांचे डबे बँकेचं काम होतं त्याच नेटवर्कवर नकोत. मागणी रास्त आहे, २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर फॅक्टरी पासवर्डवर पकडून त्यांची फौज केली होती आणि कॅमेऱ्याच्या मालकांना पत्ताही नव्हता. कंपनीच्या राउटरचं गेस्ट वापरलं तर रेकॉर्डिंग बंद, कारण त्याच्या पानावर भिंतीत खिडकी ठेवायची सोय नाही. व्हीलॅनवाला, म्हणजे एकाच डब्यात वेगवेगळी नेटवर्क करता येणारा राउटर घेऊन नियम लिहिता येतात, पण उद्या मित्र गावाला गेला आणि काकांना काही बदलायचं झालं तर? म्हणून सोपा रस्ता, दुसरा राउटर.

यात एक गोष्ट भरपूर जण उलटी करतात. दुसरा राउटर पहिल्याच्या मागे जोडतात आणि वाटतं की गॅजेट्स या मागच्या राउटरवर टाकली की ती वेगळी झाली. तसं होत नाही. आतला राउटर बाहेरून येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. गॅजेट्स आत ठेवली तर ती बाहेरच्या नेटवर्कवरच्या, म्हणजे तुमच्या लॅपटॉप-फोनपर्यंत आरामात जाऊ शकतात आणि तुम्हालाच त्यांच्यापर्यंत जाता येत नाही. माणसं आत, गॅजेट्स बाहेर, असं पाहिजे. मग माणसं आतून कॅमेरा उघडू शकतात, कॅमेरा आत डोकावू शकत नाही.

तर कंपनीचा राउटर गॅजेट्सना दिला आणि नवीन राउटर पॅसेजमध्ये लावला, टीव्हीच्या केबलच्या पाइपमधूनच लॅन केबल ओढून, ती कंपनीच्या राउटरच्या लॅन पोर्टमधून नव्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे इंटरनेट आत येतं त्या पोर्टमध्ये. पॅसेजमधून मागच्या बेडरूमला एकच भिंत लागते, त्यामुळे वहिनींना तिथे ५ गिगाहर्ट्झ मिळालं, हा खरं तर सगळ्यात मोठा फायदा. जोडताना दोन्ही राउटरचा पत्ता एकच, 192.168.1.1, नसावा, नाहीतर नेटच येत नाही आणि माणूस केबलला दोष देत बसतो. नव्याचा 192.168.50.1 केला.

नावांची एक युक्ती सांगतो, खूप वेळ वाचतो. गॅजेट्सना नवीन नाव दिलं तर प्रत्येक बल्ब-प्लग रिसेट करून परत जोडावा लागतो, शिडी लावून. त्याऐवजी घरातलं जुनं नाव आणि जुना पासवर्ड गॅजेट्सकडेच राहू दिला, त्यांना काही कळलंच नाही, आणि नवीन नाव माणसांसाठी काढलं. फोन आणि लॅपटॉप मोजके, ते बदलायला दहा मिनिटं. फोनमधून जुनं नाव विसरायला लावायचं मात्र लक्षात ठेवायचं, नाहीतर ते परत तिकडे जाऊन बसतात. जुन्या राउटरवर ५ बंद केलं, सिक्युरिटी डब्ल्यूपीए २ च ठेवली, कारण स्वस्त प्लगना डब्ल्यूपीए ३ झेपत नाही. जुना पासवर्ड मोलकरणीपासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आहे, पण आता तो फक्त गॅजेट्सचा आहे. राउटरच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड तेवढा बदलला, कारण त्या पानापर्यंत प्रत्येक गॅजेट पोचू शकतं.

नव्यावर काकांच्या जुन्या फोनसाठी २.४ चालू ठेवलं, पण चॅनेल ११ वर, म्हणजे कॅमेऱ्यांच्या चॅनेल १ ची गर्दी त्याला लागत नाही. दोन रेडिओ, दोन चॅनेल, इथे मात्र नेटवर्क हवेतही खरोखर वेगळं झालं.

भिंत उभी राहिल्यावर ज्या कटकटी होतात त्या झाल्याच. हॉलचा बॉक्स केबलने कंपनीच्या राउटरवर होता, त्यामुळे काकूंच्या फोनमधलं कास्टचं बटण गायब, कारण फोन आणि टीव्ही एकमेकांना शोधतात ती हाक राउटरच्या भिंतीपलीकडे जात नाही. टीव्हीचे बॉक्स माणसांच्या बाजूलाच हवेत असं ठरवून दोन्ही नव्याच्या ५ वर घेतले. काकांच्या खोलीतल्या बॉक्सला नवीन नाव दिसेचना. राउटरने स्वतःहून १०० नंबरचं चॅनेल धरलं होतं, ते रडारसोबत वाटून घ्यायचं चॅनेल आहे आणि बरेच बॉक्स ती चॅनेल बघतच नाहीत. ३६ वर पक्कं केल्यावर लगेच दिसलं. प्रिंटर बाहेर राहिला, तोही आपोआप सापडत नाही, त्याला ठरलेला आयपी देऊन लॅपटॉपमध्ये तो पत्ता हाताने टाकला. मुलीच्या खोलीतला कॅमेरा फोनवर बघायला काही अडचण आली नाही, रोबोटही कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतो त्यामुळे तोही खूश. नवीन प्लग जोडताना मात्र फोन तेवढ्यापुरता जुन्या नावावर न्यावा लागतो आणि हे मी राउटरखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

वहिनींच्या ऑफिसचं व्हीपीएन दोन राउटरमधून नीट चाललं. कोणी घरात बाहेरून कनेक्शन यायला लागणारे गेम खेळत असेल तर या मांडणीत कुरकुर होऊ शकते, त्यांच्याकडे कोणी खेळत नाही.

भिंत खरंच आहे का ते तपासायचं तर दोन्हीकडून. आधी माणसांच्या बाजूच्या लॅपटॉपवरून काकांच्या बॉक्सला पिंग केलं, उत्तर आलं. मग तोच पत्ता रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपवरून, उत्तर नाही. पहिली पायरी गाळली तर "उत्तर नाही" याला काही अर्थ नसतो, कारण विंडोजसारखी काही यंत्रं पिंगला तशीही उत्तर देत नाहीत. उलट दिशेने माणसांच्या बाजूने कॅमेऱ्याला पिंग गेलं पाहिजे, ते गेलं.

या मांडणीत गॅजेट्स एकमेकांपासून वेगळी नाहीत, एखादा प्लग बिघडला तर तो कॅमेऱ्यांच्या लॅपटॉपपर्यंत जाऊ शकतो. म्हणून त्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंगशिवाय काही ठेवलेलं नाही, बँकेचं लॉगिन नाही, मेल नाही. आणि मित्राने आता गच्चीवर पाचवा कॅमेरा लावायचं काढलंय, त्याला सांगितलंय की तिथून हॉलच्या राउटरपर्यंत वायफाय परत ६.५ वरच येणार, त्यामुळे तो कॅमेरा केबलवाला घे, पीओई म्हणजे वीज आणि डेटा एकाच केबलमधून, आणि ती केबल सरळ कंपनीच्या राउटरच्या बाजूला उतरव.